जाळीतल्या आयताची बेरीज: कडेला उलटी येणारी उत्तरं आणि विंडोजवर बिघडणारा तक्ता

प्रश्न: सर, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी खानापूरपासून अथणीपर्यंतच्या भागाची २००० × २००० चौकटींची जाळी केली आहे. एक चौकट १०० मीटरची, आत मोसमातला पाऊस मिलिमीटरमध्ये, सरासरी हजाराच्या आसपास. २ लाख आयतांची बेरीज हवी आहे. साधे लूप संपतच नाहीत म्हणून प्रीफिक्स सम केलं (कोड खाली आहे). बहुतेक उत्तरं जुळतात, पण वरच्या कडेला टेकलेल्या आयतांची उत्तरं ऋण येतात. शिवाय घरी उबंटूवर जी बाकीची उत्तरं बरोबर येतात, त्यातली काही लॅबमधल्या जुन्या विंडोज मशिनवर चुकतात. असं का?

```python
S = a.cumsum(axis=0).cumsum(axis=1).tolist()
ans = S[r2][c2] - S[r1-1][c2] - S[r2][c1-1] + S[r1-1][c1-1]
```

उत्तर:

तुझ्या दोन ओळींत दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. त्या एकाच वेळी दिसल्यामुळे गोंधळ झालाय. पद्धत मात्र योग्य निवडली आहेस. साध्या लूपने सगळ्यात वाईट परिस्थितीत एका आयतात ४० लाख चौकटी, म्हणजे २ लाख आयतांना ८०,००० कोटी बेरजा होतील. तक्ता एकदा बांधला की आयत चार चौकटींचा असो नाहीतर अख्ख्या जाळीचा, तीन बेरजा-वजाबाक्यांत उत्तर मिळतं.

आधी लहान जाळीवर हाताने करून बघू. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे कागदावर करायला लावतो, कारण तुझी पहिली चूक कागदावरच सापडते. आकडे मनाचे आहेत. डावीकडे घाटाची बाजू आहे म्हणून तिथे मोठे, उजवीकडे अथणीच्या दिशेने कमी होत गेलेले.

```
a:
9 7 4 2 1
8 6 5 3 1
9 5 3 2 2
7 6 2 1 0
```

तक्त्यातल्या प्रत्येक जागी काय लिहायचं? तिथून वरचं आणि डावीकडचं सगळं, म्हणजे जाळीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तिथपर्यंतच्या पूर्ण आयताची बेरीज. मी हा तक्ता नेहमी एक रांग आणि एक स्तंभ जास्तीचा ठेवून लिहितो. त्या जास्तीच्या जागांत फक्त शून्यं असतात.

```
P:
0  0  0  0  0  0
0  9 16 20 22 23
0 17 30 39 44 46
0 26 44 56 63 67
0 33 57 71 79 83
```

आता दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतला, दुसऱ्या ते चौथ्या स्तंभातला आयत घे. हाताने मोजलं तर ६+५+३+५+३+२ = २४. तक्त्यातून काढताना आधी `P[3][4]`, म्हणजे ६३ उचलायचे. यात हवा तो आयत आहे, पण त्याच्या वरची पट्टी आणि डावीकडची पट्टीसुद्धा आहे. वरची पट्टी `P[1][4]` = २२, डावीकडची `P[3][1]` = २६. दोन्ही वजा केल्या की वरच्या डाव्या कोपऱ्यातला तुकडा दोनदा वजा होतो, कारण तो दोन्ही पट्ट्यांत होता. शेताच्या दोन बाजूंच्या पट्ट्या मोजणीतून वगळताना कोपऱ्यातला तुकडा दोनदा वगळला जावा, तसंच हे. म्हणून `P[1][1]` = ९ एकदा परत मिळवायचे. ६३ − २२ − २६ + ९ = २४. जुळलं.

या चार कोपऱ्यांकडे जाळीतल्या चौकटी म्हणून बघू नकोस, चौकटींमधले बांध म्हणून बघ. `P[1][4]` म्हणजे 'पहिल्या बांधाच्या वर, चौथ्या बांधाच्या डावीकडे' जे काही आहे त्याची बेरीज. चार रांगांना बांध पाच असतात, सगळ्यात वरचा धरून. वरच्या बांधाच्या वर काहीच नाही, म्हणून तिथे शून्य. जास्तीची रांग ही काही युक्ती किंवा ठिगळ नाही, तो बांध खरोखर आहे. तुझ्या तक्त्यात तोच नाही आणि पहिली चूक तिथेच आहे.

तुझ्या `S` मध्ये शून्यांची रांग नाही, त्यामुळे आयत पहिल्या रांगेला टेकला की `r1-1` म्हणजे −१ होतं. पायथॉनमध्ये −१ म्हणजे शेवटून पहिला. त्यामुळे प्रोग्राम थांबत नाही, गुपचूप शेवटची रांग उचलतो. आपल्या लहान जाळीवर पहिल्या दोन रांगा आणि शेवटचे तीन स्तंभ घे. खरी बेरीज ४+२+१+५+३+१ = १६. तुझा कोड ४६ − ८३ − ३० + ५७ करतो आणि −१० देतो.

हे −१० कुठून आले ते नीट बघ, कारण ती खूण पुढे कायम उपयोगी पडते. शेवटच्या दोन रांगांतले तेच तीन स्तंभ बेरीज कर: ३+२+२+२+१+० = १०. म्हणजे तुझ्या कोडने आयताची बेरीज दिलीच नाही. त्याच स्तंभांत आयताच्या खाली जे उरलं, त्याची बेरीज ऋण करून दिली. वरच्या कडेला टेकलेला आयत चुकला की असंच होतं, आणि पाऊस ऋण नसतो म्हणून ते तुझ्या नजरेत आलं.

नजरेत न येणारा प्रकार जास्त धोक्याचा. आयत वरच्या आणि डाव्या अशा दोन्ही कडांना टेकला तर दोनदा उलटसुलट होऊन उत्तर धन येतं. पहिल्या दोन रांगा, पहिले दोन स्तंभ: खरी बेरीज ३०. तुझा कोड ३० − ५७ − ४६ + ८३ = १० देतो, म्हणजे समोरच्या, खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या तुकड्याची बेरीज. चिन्ह ठीक आणि आकडा पटण्यासारखा, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही. तुझ्या २ लाखांत असे कोपऱ्यातले आयत थोडेच असतील, पण ते 'बरोबर' म्हणून निसटले असणार. तपासून बघ.

यावर काही जण `if r1 > 0` अशा अटी घालतात. चालतं, पण चार ठिकाणी अट लिहावी लागते आणि एखादी विसरते. मी शून्यांची रांग ठेवतो. हा तक्ता कॉम्प्युटर ग्राफिक्समधून आला. १९८४ मध्ये फ्रँक क्रो यांनी तो चित्रावरच्या पोताच्या कामासाठी मांडला. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी चेहरे ओळखण्यासाठी वापरल्यावर तो घरोघरी पोचला. आज ओपनसीव्हीचं `integral` फंक्शन जो तक्ता परत देतं, तोसुद्धा मूळ चित्रापेक्षा एक रांग आणि एक स्तंभ मोठा असतो. कारण हेच.

आता दुसरी चूक. ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण छोट्या जाळीवर ती कधीच दिसत नाही.

तुझी `a` बहुधा ३२ बिटांच्या पूर्णांकांची, म्हणजे `int32` आहे. नम्पायचं `cumsum` अशा जाळीची बेरीज करताना त्या मशिनवरच्या डीफॉल्ट पूर्णांकाचा आकार घेतं. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा, म्हणून घरी सगळं ठीक. विंडोजवर नम्पाय २.० येईपर्यंत तो ३२ बिटांचाच होता. लॅबमध्ये जुनी आवृत्ती असणार. `np.__version__` छापून खात्री कर.

३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४ कोटींच्या थोडा वर आहे. तुझ्या जाळीत ४० लाख चौकटी, सरासरी १०००, म्हणजे तक्त्याच्या शेवटच्या जागेत ४०० कोटी यायला हवेत. ते मावत नाहीत. मग आकडा फिरून ऋण बाजूला जातो, म्हणजे त्यातून नेमके 4294967296 वजा होतात. इशारा येत नाही, प्रोग्राम पुढे चालत राहतो.

पण मग उजव्या खालच्या बाजूचे सगळेच आयत का चुकत नाहीत? तू 'काही चुकतात' असं लिहिलंस, आणि ते निरीक्षण अगदी बरोबर आहे. पाऊस सगळीकडे एकसारखा १००० धरला तर तक्त्यातला आकडा २१४ कोटी कधी ओलांडतो? रांगांची संख्या गुणिले स्तंभांची संख्या साधारण २१.४७ लाख झाली की. ही एक वाकडी रेषा आहे. उजव्या कडेला ती १०७४ व्या रांगेजवळ सुरू होते, कर्णावर १४६५ जवळून जाते आणि खालच्या कडेला १०७४ व्या स्तंभाजवळ संपते. तुझ्या खऱ्या पावसात घाटाकडची बाजू जड आहे, म्हणून रेषा थोडी सरकेल, पण आकार असाच राहील.

आयताचे चारही कोपरे या रेषेच्या अलीकडे असले तर उत्तर बरोबर. चारही पलीकडे असले तरी बरोबर! कारण चारही आकड्यांतून तीच रक्कम गेलेली असते, आणि दोन मिळवणी व दोन वजाबाक्यांत ती कटते. फक्त खालचा उजवा कोपरा पलीकडे गेला तर उत्तर 4294967296 ने कमी येतं, म्हणजे भलतंच ऋण. फक्त वरचा डावा कोपरा अलीकडे राहिला तर तेवढंच जास्त. म्हणजे चुकीचे आयत या रेषेच्या आजूबाजूच्या पट्ट्यातच मिळतात. उबंटूचं आणि विंडोजचं उत्तर शेजारी ठेवून फरक काढ. चुकलेल्या प्रत्येक ठिकाणी तो नेमका 4294967296 आला, अधिक किंवा उणे, तर निदान पक्कं. कडेची चूक दोन्ही मशिनवर सारखीच होते, त्यामुळे तिच्यामुळे असा फरक पडतच नाही. दोन चुका वेगळ्या करायला एवढी एक वजाबाकी पुरते.

तुझ्या `.tolist()` ने यात आणखी भर घातली. फिरून झालेले आकडे ३२ बिटांतच ठेवून वजाबाकी केली असती, तर तीही तशीच फिरली असती आणि खरं उत्तर २१४ कोटींच्या आत असलं की बरोबरच आलं असतं. तू मध्येच ते पायथॉनच्या पूर्णांकांत बदललेस. त्यांना मर्यादा नसते, त्यामुळे परतीचा फेरा झाला नाही. तरीही त्या कटण्यावर विसंबून राहू नकोस. तक्ता सरळ ६४ बिटांचा कर. २००१ × २००१ जागा, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे सुमारे ३२ एमबी. लॅबमधल्या जुन्या मशिनलाही हे जड नाही.

```python
import numpy as np

def build(a):
    R, C = a.shape
    P = np.zeros((R + 1, C + 1), dtype=np.int64)
    P[1:, 1:] = a.cumsum(axis=0, dtype=np.int64).cumsum(axis=1)
    return P

def ask(P, r1, c1, r2, c2):
    return P[r2, c2] - P[r1, c2] - P[r2, c1] + P[r1, c1]
```

इथे `r1`, `r2` हे बांध आहेत, रांगा नाहीत: `r1` ही रांग आयतात धरलेली, `r2` ही नाही. तुझे आयत शून्यापासून मोजलेले आणि दोन्ही टोकं धरून आहेत, म्हणून `ask(P, r1, c1, r2 + 1, c2 + 1)` असं बोलव. आणि `ask` ला एकेक आकडा देत बसू नकोस. २ लाख आयतांचे चार नम्पाय अ‍ॅरे एकदम दे, सगळी उत्तरं एका फटक्यात येतात आणि पायथॉनचा लूप लागतच नाही.

तपासणी दोन प्रकारची कर, एकीने दुसरीचं काम होत नाही. पहिली लहान जाळीवर, ६ × ९ सारख्या. मुद्दाम चौरस नसलेली घ्यायची, म्हणजे रांग-स्तंभाची अदलाबदल झाली असेल तर लगेच उघडी पडते. आकड्यांत ऋणही असू दे. तिथले सगळे आयत, रिकामे धरून, फक्त १५४० होतात. प्रत्येकाचं उत्तर `a[r1:r2, c1:c2].sum()` शी ताडून बघ. कडेच्या सगळ्या चुका इथे पकडल्या जातील. दुसरी पूर्ण आकाराच्या जाळीवर, प्रत्येक चौकटीत २००० भरून. अख्ख्या जाळीची बेरीज ८०० कोटी यायला हवी आणि कोणत्याही आयताची बेरीज क्षेत्रफळ गुणिले २०००. आकडा मावला नाही तर इथे कळेल. ही दुसरी तपासणी लॅबच्या मशिनवरच चालव, घरी नको.

तू विचारलं नाहीस, पण पावसाच्या जाळीत पुढे हमखास येणारी एक अडचण सांगून ठेवतो, कारण मी स्वतः तिच्यात अडकलो होतो. काही चौकटींत आकडाच नसतो. पर्जन्यमापक बंद असतो, किंवा डोंगर आड आल्यामुळे रडारला काही दिसत नाही. नम्पायमध्ये तिथे `nan` असतो. दशांश जाळीवर थेट `cumsum` केलंस तर एका `nan` मुळे तक्त्यातली त्याच्या खालची आणि उजवीकडची प्रत्येक जागा `nan` होते. तिसऱ्या रांगेत, डाव्या कडेजवळ एक छिद्र पडलं की जवळजवळ अख्खा तक्ता गेला. हे निदान दिसतं तरी.

मी काही वर्षांपूर्वी यावर सोपा उपाय केला होता: छिद्रांत शून्य भरले. बेरीज सुरळीत येऊ लागली. तिला क्षेत्रफळाने भागून गावोगावची सरासरी काढली आणि नकाशा पुढे पाठवला. जांबोटीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने तो बघून विचारलं, "आमच्याकडं एवढा कमी पाऊस कुठला की?" त्याचं बरोबर होतं. घाटाजवळ डोंगर आड येतात म्हणून छिद्रंही तिथेच जास्त, आणि प्रत्येक छिद्र मी 'पाऊस शून्य' म्हणून मोजत होतो. सगळ्यात जास्त पावसाची जागाच सगळ्यात कमी दिसत होती. तो नकाशा मला मागे घ्यावा लागला.

तेव्हापासून मी दोन तक्ते बांधतो. एक बेरजेचा, एक 'आकडा आहे का' याच्या मोजणीचा.

```python
ok = ~np.isnan(a)
PS = build(np.rint(np.where(ok, a, 0) * 10).astype(np.int64))
PN = build(ok)
```

सरासरी म्हणजे `PS` चं उत्तर भागिले `PN` चं उत्तर, आणि पुन्हा भागिले १०. दोन्हींना तेच चार कोपरे. `PN` चं उत्तर शून्य आलं तर त्या आयतात माहितीच नाही; तिथे रिकामं ठेव, शून्य लिहू नकोस. आणि ते आयताच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी असेल तर मी तो आयत नकाशावर वेगळ्या रंगात दाखवतो. निम्मं हा माझा अंदाजाचा आकडा आहे, तू तुझ्या कामाप्रमाणे ठरव.

दहाने गुणून पूर्णांक का केले? मिलिमीटरचा एक दशांश टिकतो आणि वजाबाकी नेमकी होते. दशांश आकडे `float32` मध्ये ठेवून तक्ता बांधलास तर १ कोटी ६७ लाखांच्या पुढे एकेक सुटा आकडासुद्धा त्यात नेमका बसत नाही. तुझ्या तक्त्यात तेवढी बेरीज पहिल्या आठ-नऊ रांगांतच होते. मग खालच्या भागातल्या चार चौकटींच्या आयताची बेरीज दोन प्रचंड, गोलावलेल्या आकड्यांच्या फरकातून निघते आणि त्यात काही अर्थ उरत नाही. `float64` मध्ये हा त्रास तुझ्या आकाराला जाणवणार नाही, पण पूर्णांक असताना मी तिकडे वळत नाही.

आणि बेरजेऐवजी आयतातला सगळ्यात जास्त पाऊस कुणी मागितला, तर हा तक्ता उपयोगाचा नाही. बेरजेतून नको ती पट्टी वजा करता येते, कमालमधून येत नाही.

शेवटी जाळी बदलण्याबद्दल. पहिल्याच चौकटीतला आकडा बदलला तर तक्त्यातल्या सगळ्या ४० लाख जागा बदलतात. रोज सकाळी एकदा नवा पाऊस येत असेल तर काळजी नको, पूर्ण तक्ता नव्याने बांध, क्षणाचं काम आहे. पण एक बदल, एक प्रश्न, पुन्हा एक बदल असं आळीपाळीने चालणार असेल तर द्विमितीय फेनविक ट्री, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या बेरजा साठवणारी रचना लागेल. तिथे एका बदलाला २००० च्या जाळीवर जास्तीत जास्त ११ × ११, म्हणजे १२१ जागा बदलाव्या लागतात. एका कोपऱ्याची बेरीज काढायलाही साधारण तेवढ्याच जागा वाचाव्या लागतात, आणि आयताचे कोपरे तिथेही हेच चार. तुझ्या प्रोजेक्टमध्ये मोसम संपलेला आहे आणि जाळी स्थिर आहे, त्यामुळे तुला `build` आणि `ask` एवढंच पुरेल. आधी लॅबच्या मशिनवर ८०० कोटींची तपासणी चालव आणि काय आकडा येतो ते कळव.